जमिनीचा पुरवठा ठरलेला, मग हस्तांतरण उत्पन्न शून्य की १४००?

दौतटाक
अर्थशास्त्राच्या पुस्तकातल्या एका गणितावर गाडी अडली आहे. जमिनीच्या एका तुकड्यावर धान्य घेतलं, तर मजुरी, बियाणं आणि भांडवलावरचा नेहमीचा परतावा वजा जाता २००० उरतात. तोच तुकडा चराईला दिला तर १४०० उरतात. आर्थिक खंड किती? उत्तर दिलंय ६००. पण त्याच प्रकरणात चार पानं आधी लिहिलंय की जमिनीचा पुरवठा पूर्ण ताठर असतो, मोबदला शून्यावर आला तरी जमीन कुठे निघून जात नाही, म्हणून तिचं हस्तांतरण उत्पन्न, म्हणजे तिला टिकवून ठेवायला लागणारा किमान मोबदला, शून्य आणि तिला मिळतं ते सगळंच खंड. त्या हिशोबाने उत्तर २००० यायला हवं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? शिवाय रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाच्या सुपीक आणि नापीक जमिनींचा यात कुठे संबंध येतो तेही उमगत नाही. तिकडे हस्तांतरण उत्पन्नाचं नावच नाही.

मुक्तछंद
६०० हे सरळ चुकीचं आहे, उत्तर २०००. जमीन कोणी बनवली नाही, निसर्गाने दिली. तिच्या सुपीकतेमुळे जे मिळतं तो खंड. चराईचा आकडा गोंधळ घालायला दिला असणार.

कोपऱ्यातला बाक
परीक्षेत मात्र ६०० लिहा, मार्क तिथेच आहेत.

जुना खातेदार
दौतटाक, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. तिथे पोचायला मी उलट बाजूने, म्हणजे रिकार्डोकडूनच सुरुवात करतो. चलनाचं नाव घेत नाही, नुसते आकडे.

सारख्या आकाराचे तीन तुकडे घ्या: अ, ब आणि क. कोणत्याही तुकड्यावर एका हंगामाची मजुरी आणि भांडवल मिळून ३००० खर्च येतो, आणि त्यात कसणाऱ्याचा नेहमीचा नफाही धरलेला आहे. तेवढ्याच कष्टात अ ५० क्विंटल देते, ब ४० आणि क ३०.

लोकसंख्या कमी आहे आणि अ प्रतीची जमीन हवी तितकी पडून आहे असं समजा. धान्याचा भाव तेव्हा ३००० भागिले ५०, म्हणजे ६० पडेल. खर्च निघतो, वर काही उरत नाही, खंड शून्य. मुक्तछंद, हीच आपली सर्वांत सुपीक जमीन आहे बरं का, आणि तरीही ती खंड देत नाही. त्यामुळे सुपीकता हे कारण अर्धंच आहे.

आता मागणी वाढली, अ प्रतीची जमीन संपली, ब कसायला घ्यावी लागली. ब वर खर्च निघायला भाव ७५ हवा. बाजारात धान्य एकच, भाव एकच, म्हणून अ चं धान्यही ७५ नेच जातं. ५० गुणिले ७५ म्हणजे ३७५०, त्यातून ३००० वजा, ७५० उरले. हा अ चा खंड. ब ला शून्य.

मागणी आणखी वाढली आणि क वर पाळी आली. भाव १०० झाला. आता अ ला २०००, ब ला १००० आणि क ला शून्य. अ च्या मातीत या सगळ्या काळात काहीही बदललेलं नाही. बदललं ते एवढंच, की शेवटचं पोतं कुठल्या जमिनीतून येतं.

एक गंमत नजरेतून सुटते. धान्यात मोजला तर अ चा खंड १० क्विंटलवरून २० वर गेला, म्हणजे दुप्पट. पैशांत मोजला तर ७५० वरून २०००, म्हणजे दुपटीपेक्षा बराच जास्त. जमीनमालकाच्या हाती धान्य जास्त येतं आणि त्या प्रत्येक क्विंटलचा भावही वाढलेला असतो, असा त्याचा दुहेरी फायदा होतो. रिकार्डोने १८१७ च्या ग्रंथात हे नेमकं मांडलंय. स्वतः शेअर बाजारात कमावून तो पुढे मोठा जमीनदार झाला होता, तरी लिहिताना त्याने आपल्या वर्गाची गय केली नाही.

बांधावरून
मी जमीन ठोक खंडाने कसतो. ठरलेली रक्कम, पीक येवो न येवो. गेल्या हंगामात पिकाने दगा दिला. तुमच्या भाषेत वर उरलेलं काही नव्हतं, उलट घरातून घातलं. तरी मालकाने पूर्ण खंड घेतला. मग त्याने घेतलं ते काय होतं? ‘उरलेलं ते खंड’ हे कागदावर ठीक आहे हो.

जुना खातेदार
बांधावरून, तुम्ही देता ती कराराची रक्कम. करार करताना दोघांनीही सरासरी हंगामात काय उरेल याचा अंदाज बांधलेला असतो. हंगाम बुडाला की जोखीम तुमच्या अंगावर पडते, चांगला गेला तर वरचं तुम्हाला राहतं. त्या वर्षी मालकाने घेतलं ते तुमच्या भांडवलातून आणि तुमच्या मजुरीतून गेलं.

हे ओळखायची खूण अशी. कराराची रक्कम वर्षानुवर्षं खऱ्या उरणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असेल, तर कसणारा हळूहळू खालावत जातो: अवजारं बदलत नाही, मातीत काही घालत नाही, शेवटी सोडून जातो. करार कमी असेल तर कसणाऱ्याकडेच खंडाचा एक भाग राहतो, आणि तो ती जमीन सहसा सोडत नाही. कधी तर स्वतःच दुसऱ्याला पोटखंडाने देतो, आणि मधला फरक खिशात घालतो. तो फरक म्हणजेच मालकाच्या हातून निसटलेला आर्थिक खंड.

बांधावरून
पोटखंडाचं खरं आहे. आमच्याकडे तेच चालतं.

दौतटाक
खातेदार, इथपर्यंत कळलं. पण क ला खंड शून्य म्हणता. प्रत्यक्षात फुकट मिळणारी जमीन कोणी बघितली आहे? कितीही टाकाऊ तुकडा असला तरी मालक काहीतरी मागतोच.

मुक्तछंद
अगदी बरोबर. इथेच सिद्धांत ढासळतो. बिनखंडाची जमीन नसेल तर मोजणार कुठून?

जुना खातेदार
बिनखंडाची जमीन नसली तरी चालतं, बिनखंडाची मात्रा असली की पुरे.

अ वर आपण ३००० ची एकच मात्रा घातली होती. भाव वाढल्यावर माणूस लगेच क कडे धावतो असं नाही. तो आधी अ वरच आणखी ३००० ओततो: जास्त निंदणी, जास्त खत, जास्त हात. जमीन तीच, म्हणून दुसऱ्या मात्रेला पहिलीइतकं पीक येत नाही. समजा ३५ क्विंटल आलं, आणि तिसऱ्या मात्रेला ३०.

भाव १०० असताना पहिल्या मात्रेतून २००० उरतात. दुसरीतून ३५०० वजा ३०००, म्हणजे ५००. तिसरी ३००० च परत देते, उरत काही नाही. म्हणजे अ चा एकूण खंड २५००, आणि तो मोजायला आपण क कडे बघितलंच नाही. एखाद्या प्रदेशात क आणि त्याखालची जमीनच नसली, सगळी जमीन एकसारखी सुपीक असली, तरी दाटी झाली की खंड उभा राहतो. कारण शेवटची मात्रा कुठेतरी नुसती खर्चापुरतीच पिकते आणि भाव ती ठरवते.

रविवारची उन्हं
विषयांतर होत असेल तर सांगा. हे फक्त जमिनीलाच लागू आहे का? मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात आहे. मला जे मिळतं त्याच्या साधारण दोन तृतीयांश मला दुसऱ्या कुठल्याही नोकरीत मिळेल. मग वरचा एक तृतीयांश माझा ‘खंड’? ऐकायला जरा अपमानास्पद वाटतं!

जुना खातेदार
विषयांतर नाही, उलट दौतटाकचं उत्तर याच दारातून येतं. तुम्हाला या कामात टिकवून ठेवायला निदान तेवढे दोन तृतीयांश द्यावेच लागतात, नाहीतर तुम्ही जाल. ते हस्तांतरण उत्पन्न. वरचा भाग दिला नाही तरी तुम्ही थांबाल, म्हणून तो खंड. यात अपमान काही नाही. फक्त दुसरीकडचा आकडा धरताना तिथला त्रास, तिथलं समाधान हेही मोजायला हवं. दुसऱ्या नोकरीत तुमचा जीव गुदमरणार असेल, तर तुम्हाला इथून हलवायला दोन तृतीयांश पुरणार नाहीत आणि तुमचा खंड एक तृतीयांशाहून मोठा निघेल.

आता जमीन. ‘टिकवून ठेवायला किती द्यावं लागतं’ असं विचारलं की आधी सांगावं लागतं, कुठे टिकवून ठेवायला? पृथ्वीवर टिकवून ठेवायला काहीच द्यावं लागत नाही, कारण तिला जायला जागाच नाही. म्हणून सगळ्या समाजाच्या नजरेने हस्तांतरण उत्पन्न शून्य आणि २००० पैकी २००० खंड. पण धान्याखाली टिकवून ठेवायला? १४०० पेक्षा कमी मिळायला लागलं की मालक तो तुकडा चराईला सोडेल. म्हणून धान्य पिकवणाऱ्यांच्या नजरेने १४०० हे हस्तांतरण उत्पन्न आणि ६०० खंड. आणि एकटा कसणारा घ्या. त्याच्या शेजारचा दुसरा कसणारा त्याच तुकड्यासाठी २००० द्यायला तयार असेल, तर या एकट्याला पूर्ण २००० हा खर्चच आहे, त्यात त्याला कसलीच सवलत नाही.

रक्कम तीच, जमीन तीच. ताठरपणा जमिनीच्या एकूण पुरवठ्यात आहे, एका पिकाला होणाऱ्या पुरवठ्यात नाही.

दौतटाक
आता उलगडलं. म्हणजे रिकार्डोने सगळी जमीन धान्याखालीच धरली, दुसरा वापरच नाही, म्हणून त्याच्याकडे हस्तांतरण उत्पन्नाचा प्रश्न उठत नाही?

जुना खातेदार
ढोबळमानाने हो. आणि म्हणूनच तो ठामपणे म्हणू शकला की खंड जास्त आहे म्हणून धान्य महाग नाही, धान्य महाग आहे म्हणून खंड जास्त आहे. काळ आठवा. नेपोलियनची युद्धं संपत आलेली, इंग्लंडात १८१५ चा धान्य कायदा झाला: देशातला भाव क्वार्टर या तिथल्या धान्याच्या मापाला ८० शिलिंगवर गेल्याशिवाय बाहेरचा गहू विकायला आणायचा नाही. त्या वर्षी रिकार्डो, माल्थस आणि एडवर्ड वेस्ट असे तिघे काही आठवड्यांच्या आत खंडावर लिहून मोकळे झाले. जेम्स अँडरसनने तर १७७७ मध्येच गाभा मांडला होता. त्या वादात प्रश्न एकच होता: बाहेरचं धान्य अडवलं की हलकी जमीन नांगराखाली येते, भाव चढतो, आणि चढलेला भाव जातो कोणाकडे? माझ्या पहिल्या उदाहरणात क ला कसायला लावून बघितलंत तर उत्तर दिसतंच.

पण दुसरा वापर आत आणला की ते वाक्य जसंच्या तसं टिकत नाही. सोपं ठेवायला पुन्हा एकच मात्रा धरू. क तुकडा चराईला दिला तर त्याच्या मालकाला ३०० उरतात समजा. मग १०० भावाने तो धान्याला का देईल? धान्यातून त्याला शून्य. त्याला धान्याकडे ओढायला ३३०० वसूल व्हायला हवेत, म्हणजे भाव ११०. चराईतून मिळू शकणारा खंड अशा रीतीने धान्याच्या भावात शिरला. मिलने हे १८४८ मध्ये मान्य केलं होतं, फक्त अपवाद म्हणून. जेव्हन्सने १८७९ मध्ये म्हटलं की हा अपवाद कसला, हाच नियम आहे, जमीन आणि मजूर यांना वेगळी वागणूक देण्याचं कारण नाही.

मुक्तछंद
म्हणजे शेवटी खंड भावात शिरतोच. मी हेच म्हणत होतो. आणि म्हणूनच जमिनीवर कर बसवला की तो धान्य खाणाऱ्याच्याच माथी येतो. जमीनदार स्वतःच्या खिशातून कधी देत नाही.

जुना खातेदार
तुम्ही हे म्हणत नव्हतात, पण असो :)

करावर दोन वेगळी उत्तरं आहेत. कर खंडाच्या प्रमाणात असेल, समजा खंडाचा निम्मा, तर अ चा मालक १००० देईल, ब चा ५००, क चा काहीच नाही. भाव ठरवणारा क. त्याचा खर्च बदलला नाही, म्हणून भाव १०० च. मालकाला तो पुढे ढकलताच येत नाही, कारण कसणारा २००० पेक्षा जास्त देऊ शकत नाही.

पण कर प्रत्येक तुकड्यावर सरसकट ३०० असेल, सुपीक असो की नापीक, तर क सुद्धा ३०० देणार. त्याला धान्याखाली राहायला ३३०० हवेत, भाव ११०. आता अ चा हिशोब करा: ५५०० वजा ३०००, वजा कर ३००, राहिले २२००. कर नव्हता तेव्हा २००० होते. ब चे ४४०० मधून ३३०० वजा, म्हणजे ११००, आधी १००० होते. कर बसल्यावर चांगल्या जमिनीचे मालक अधिक श्रीमंत झाले. सगळा भार ग्राहकावर पडला आणि वर २०० ची बक्षिसी.

कोपऱ्यातला बाक
हे वाचून अ चा मालक उद्यापासून करासाठी उपोषणाला बसेल.

बांधावरून
तुमच्या अ, ब, क मध्ये एक गोष्ट खटकते. अ ही मुळात ५० ची होती कशावरून? आमचा तुकडा वडील कसायला लागले तेव्हा तुमच्या क सारखा होता. दगड वेचले, बांध घातले, पाण्याची सोय केली. आता तो ब झालाय आणि मालक खंड ब चा मागतो. वाढलेल्या दहा क्विंटलचा मालक कोण? निसर्गाने तर दिले नाहीत.

जुना खातेदार
हा या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. रिकार्डोने खंड हा मातीच्या मूळ आणि अविनाशी शक्तीचा मोबदला म्हटला. सुधारणेवर मिळतं तो भांडवलाचा परतावा, असं तो वेगळं काढतो. पण ‘अविनाशी’ हे शेतकऱ्याला पटणार नाही. सलग पीक घेऊन माती रोडावते, तेव्हा मूळ शक्तीही जाते.

बांध आणि पाण्याची सोय हे मधल्या जातीचं आहे. एकदा पैसा घातला की तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही. त्यामुळे थोड्या काळापुरतं त्यावर मिळणारं उत्पन्न खंडासारखं वागतं: नाही मिळालं तरी बांध तिथेच राहतो. मार्शलने याला आभास खंड म्हटलं. पण लांबच्या काळात ते उत्पन्न मिळालं नाही, तर बांध फुटल्यावर पुन्हा कोणी घालणार नाही. मालकाने ब चा खंड आकारणं थोड्या काळात त्याला जमून जातं आणि लांबच्या काळात ब चा पुन्हा क होतो. दहा क्विंटल न्यायाने कोणाचे, हे खंडाचा सिद्धांत सांगत नाही. ते कराराची मुदत आणि सोडून जाताना सुधारणेची भरपाई मिळते की नाही, यावर ठरतं.

बांधावरून
आमचा करार वर्षाचा आहे. म्हणजे उत्तर मिळालं.

मुक्तछंद
अजून एक. चांगली जमीन आधी, वाईट नंतर, हा क्रमच इतिहासात खोटा आहे. लोक आधी टेकडीवरच्या हलक्या जमिनी कसायचे, कारण त्या मोकळ्या करायला सोप्या. दाट झाडीची, दलदलीची सुपीक जमीन नंतर आली.

जुना खातेदार
हा आक्षेप चांगला आहे. हेन्री केरी नावाच्या अमेरिकनाने १८४८ मध्ये तो असाच घेतला होता. पण क्रम इतिहासाचा नसला तरी खंडाला फरक पडत नाही. एखाद्या वर्षी कसल्या जाणाऱ्या जमिनींत फरक असला आणि भाव एकच असला की पुरे. शिवाय झाडी तोडण्याचा खर्च धरला, तर त्या काळी ती सुपीक जमीन ‘चांगली’ नव्हतीच. इथे प्रत ठरते ती खर्च वजा जाता काय उरतं त्यावर, नुसत्या मातीच्या रंगावर नाही. बाजारापासूनचं अंतरही त्यातच येतं. उलट बाजूने बघायचं तर १८७० नंतर अमेरिकेतला स्वस्त गहू इंग्लंडात ओतला गेला, हलक्या जमिनी नांगरातून सुटल्या आणि खंड घसरले. म्हणजे कसल्या जाणाऱ्या जमिनीची सीमा मागे सरकते तेव्हाही तेच यंत्र उलटं चालतं.

दौतटाक
सरसकट कराचं गणित परत करून बघितलं, एक शंका आली. भाव ११० झाला तरी लोक तेवढंच, म्हणजे १२० क्विंटल घेतील असं तुम्ही धरलंय. खप कमी होऊन ९० क्विंटलवर आला तर क पडीक राहील आणि भाव ११० पर्यंत जाणारच नाही. समजा १०५ वर थांबला. मग अ ला ५२५० वजा ३३००, म्हणजे १९५०, आणि ब ला ९००. दोघंही तोट्यात. माझ्या हिशोबाने अ ला फायदा व्हायला भाव १०६ च्या वर हवा आणि ब ला १०७.५ च्या वर. बरोबर आहे का?

जुना खातेदार
आकडे बरोबर आहेत. धान्याचा खप भावाने फारसा हलत नाही म्हणून मी ते धरलं होतं, पण गृहीतक होतंच.

रविवारची उन्हं
मला एक विचारायचंय. कर तुकड्यावर आहे ना, मात्रेवर नाही? मग अ वर तिसरी मात्रा घातली तर तिच्यावर कर कुठे लागतो? तिच्यातून ३० क्विंटल ३००० मध्येच निघतात, म्हणजे १०० भावाने. क ला ११० देण्यापेक्षा लोक तेच करणार नाहीत का? मग भाव वाढलाच का?

मुक्तछंद
भाव वाढणारच. कर आला की भाव वाढतो, हे रोज बघतो आपण.

जुना खातेदार
उन्हं, ती तिसरी मात्रा आधीपासून घातली जात होती की नव्हती, यावर सगळं अवलंबून आहे. नव्हती, तर तुमचं म्हणणं खरं: क सुटेल, तिचे ३० क्विंटल अ वरच निघतील, भाव १०० राहील आणि ३०० मालकाच्याच खिशातून जातील. आधीच घातलेली असेल, तर त्यापुढची चौथी मात्रा बघावी लागेल. तिला समजा २४ क्विंटल आलं, तर त्यासाठी भाव १२५ लागेल आणि तोवर क ११० वर परत आलेली असेल. ब वरच्या दुसऱ्या मात्रेचा आकडा तर आपण धरलेलाच नाही. तो कोणीतरी सुचवा, मग पूर्ण कोष्टक मांडता येईल.

दौतटाक
ब ची दुसरी मात्रा २८ धरू का?